कादंबरी वाचतानाची प्रतिसाद-वही: ‘बनगरवाडी’ची एक नोंद

नमस्कार. मुलांना कादंबरी वाचायला दिली आणि सोबत ‘वाचताना काय वाटतं ते लिहा’ म्हणून वही दिली, की बहुतेक वह्यांमध्ये गोष्टीचा सारांश येतो. मुलं आळशी असतात म्हणून असं होत नाही. वहीचं पानच तशा पद्धतीने आखलेलं नसतं. म्हणून आधी पान कसं आखायचं ते बघू.

(पडद्यावर कोरं पान, मधोमध उभी रेघ)

डावीकडे पुस्तकातलं. जिथे वाचताना थांबावंसं वाटलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं आणि पान क्रमांक टाकायचा. उजवीकडे आपलं: काय वाटलं, काय प्रश्न पडला, कशाची आठवण झाली. तिन्ही प्रत्येक वेळी आलंच पाहिजे असं नाही. वर तारीख. उजवीकडच्या मजकुराखाली चार ओळी मोकळ्या सोडायच्या. त्या कशासाठी, ते पुढे सांगते.

आता व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेऊ. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो आणि तोच आपल्याला सगळं सांगतो. त्यात शेकूचा प्रसंग आहे. शेकूकडे एकच बैल. जोडीला दुसरा मिळत नाही, तेव्हा त्याची बायको दुसऱ्या बाजूचं जू आपल्या खांद्यावर घेते. नववीतली मुलगी हे वाचते आणि उजव्या रकान्यात लिहिते, ‘मला खूप वाईट वाटलं.’

या नोंदीची परीक्षा सोपी आहे. डावा रकाना हाताने झाका. उरलेलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला चालत असेल, तर नोंद अजून झालेली नाही. ‘खूप वाईट वाटलं’ हे हजार पुस्तकांना चालेल.

अशा वेळी शिक्षकाने ‘आणखी लिही’ एवढंच म्हणून भागत नाही, मुलगी तेच वाक्य लांबवते. समासात पेन्सिलने एक प्रश्न टाका: ‘कुणाबद्दल वाईट वाटलं?’ मग ती बहुधा असं काही लिहील:

(पडद्यावर उजवा रकाना)

‘आधी शेकूचा राग आला. पण तो तरी काय करणार, पेरणी टळली तर वर्षभर खाणार काय? मग राग नेमका कुणावर काढू? आणि मास्तर हे इतक्या शांतपणे कसं सांगतो?’

बघा, आता डावा रकाना झाकला तरी कळतं की हे याच प्रसंगाबद्दल आहे. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘शेकूच्या बायकोने पुढे काय केलं?’ याचं उत्तर पान उलटलं की मिळतं. ‘मास्तर शांतपणे का सांगतो?’ याचं उत्तर कुठल्याच एका पानावर नाही. ते शोधायला आधीची पानं पुन्हा चाळावी लागतात, सांगणाऱ्याचा सूर ऐकावा लागतो. असा प्रश्न पडला की त्याच्याभोवती चौकट करायला सांगा. वर्गातली चर्चा तिथूनच सुरू करता येते.

पुस्तकाचा आपल्या आठवणींशी संबंध जोडताना मात्र मुलं वाहवत जातात. समजा तिने लिहिलं, ‘आजी सांगते, बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची.’ छान आहे, पण आजीच्या आठवणी दोन पानं चालतील आणि वाडी मागे राहील. म्हणून माझा आग्रह असतो की संबंधानंतरचं वाक्य पुस्तकात परतलं पाहिजे: ‘आजीला निदान सरकारी काम तरी मिळालं. वाडीतल्या माणसांना असं काही काम का दिसत नाही?’

आता त्या मोकळ्या चार ओळी. कादंबरीच्या शेवटी दुष्काळ पडतो, माणसं वाडी सोडून जातात. तिथे पोचल्यावर मुलीने शेकूच्या नोंदीकडे परत यायचं आणि वेगळ्या शाईने लिहायचं: ‘तेव्हा वाटलं होतं, इतकं कष्टणारं गाव तगेल. कष्टांनी पाऊस पडत नाही.’ जुनी नोंद खोडायची नाही. मत कुठे बदललं ते दोन शायांमुळे दिसतं, आणि पुढे कादंबरीवर निबंध लिहायचा झाला तर त्याचा कच्चा माल हाच.

लुईझ रोझेनब्लॅट या अमेरिकन अभ्यासक १९३८ पासून हेच मांडत होत्या: वाचक आणि मजकूर यांच्या देवघेवीतून अर्थ घडतो. म्हणजे वाचकाला काहीही म्हणायची मुभा आहे, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. मजकुराचा आधार लागतोच. डावा रकाना त्यासाठी आहे.

नोंदी किती हव्यात? एका बैठकीला एक, फार तर दोन. पानोपानी थांबायला लावलं की मुलं नोंदीसाठी वाक्यं हुडकू लागतात आणि गोष्ट हातची जाते. मग सगळ्या नोंदी एकाच दिवशी, एकाच शाईत, प्रकरणाच्या पहिल्याच पानावरून घेतलेल्या दिसतात. अशी वही आली तर रागवू नका, नोंदींची संख्या निम्मी करा. आणि या वहीत ऱ्हस्व-दीर्घ तपासू नका. लाल पेन फिरलं की पुढच्या आठवड्यात ‘मला खूप वाईट वाटलं’ परत येतं, कारण त्या वाक्यात चुकण्यासारखं काही नसतं.