एका चकतीवरचं पोट

(अमळनेरला एका संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं हे लेखी रूप. पडद्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच चित्र होतं.)

मंडळी, नमस्कार. माझ्यामागे हे जे काळं-करडं चित्र दिसतंय, ती एका माणसाच्या पोटाची आडवी चकती आहे. जाडी पाच मिलिमीटर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कपाटावर सिटी स्कॅनचं मोठं पाकीट पडलेलं असेल. त्यातला रिपोर्ट सगळे वाचतात, फिल्म मात्र कुणी बाहेर काढत नाही. आज आपण फिल्मच बघू, आणि तीही सगळी नाही. बरगड्यांच्या खालच्या कडेजवळची ही एक चकती.

बघायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. हा माणूस उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायांशी उभे राहून डोक्याकडे बघतोय. चित्रात खाली पाठ, वर पोट. त्याची उजवी बाजू तुमच्या डावीकडे आहे. समोरचा माणूस आपल्याला नमस्कार करतो तेव्हा त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे असतो, तसंच. कडेला बारीक R लिहिलेलं असतं. माझी सवय अशी की आधी ते अक्षर शोधायचं, मग बाकीचं.

आता रंगांबद्दल. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यामागे एक आकडा असतो. हे मशीन ज्यांनी प्रत्यक्षात आणलं त्या गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांचं नाव त्या मापाला दिलंय. १९७९चं नोबेल त्यांना आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना मिळून मिळालं. या मापात पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास. चित्र उजळवणारं औषध न टोचता काढलेल्या सिटीत चांगलं लिव्हर साधारण पंचावन्न-साठ. हाड कित्येक शे. एवढा सगळा पल्ला डोळ्यांना एकदम दाखवला तर लिव्हर आणि किडनी सारख्याच करड्या दिसतील. म्हणून पोट बघताना पडद्यावर साधारण W 400 L 40 ठेवतात, रुंदी चारशे आणि मध्य चाळीस. म्हणजे उणे एकशे साठच्या खालचं सगळं काळं, दोनशे चाळीसच्या वरचं सगळं पांढरं, आणि सगळ्या करड्या छटा मधल्या भागाला. या माणसाच्या हाताच्या शिरेतून औषध दिलं होतं आणि साधारण सत्तर सेकंदांनी चित्र घेतलं. तोवर ते औषध लिव्हरमध्ये आणि पोटातल्या शिरांत भरलेलं असतं. म्हणून रक्तवाहिन्या उजळ दिसताहेत.

चोपडा-रावेरकडचे कुणी असतील तर पुढचं त्यांना लगेच कळेल. केळं आडवं कापलं की गोल चकती पडते, उभं कापलं की लांब पट्टी निघते. केळं तेच. सुरी कशी गेली त्यावर आकार ठरला. पोटात उभी जाणारी नळी या चित्रात गोल दिसते आणि आडवी जाणारी नळी पट्टीसारखी दिसते. आणि एक गोष्ट चकतीवर कळत नाही: गोल दिसतंय ते केळ्यासारखं लांब आहे, की लिंबासारखं तिथल्या तिथे संपणारं. हे डोक्यात राहू द्या, शेवटी कामाला येईल.

शिकाऊ डॉक्टर लिव्हरपासून सुरुवात करतात, कारण ते मोठं असतं. मी मणक्यापासून करतो, कारण तो जागचा हलत नाही. श्वासाबरोबर लिव्हर, पानथरी, किडन्या वरखाली सरकतात, चांगल्या काही सेंटिमीटर. मणका आणि त्याला लागून असलेल्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथेच असतात. तर हा खाली मधोमध पांढरा मणका, कमरेचा पहिला. त्याच्या पुढ्यात दोन वर्तुळं आहेत. आपल्या उजवीकडचं, म्हणजे त्याच्या डावीकडचं, नाण्यासारखं गोल आहे. ती महाधमनी. तिच्या भिंतीवर म्हाताऱ्या माणसांत चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात. शेजारचं दुसरं जरा अंडाकृती आहे, ती खालच्या अंगाचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर. धमनीत दाब असतो, म्हणून ती गोलच राहते. शीर मऊ असते. अंगातलं रक्त किंवा पाणी खूप कमी झालेल्या माणसात ती चपटी होऊन नुसती फट उरते.

महाधमनीच्या पुढे बोटाच्या टोकाएवढं एक छोटं उजळ वर्तुळ बघा, भोवती काळं कडं आहे. ही आतड्यांना रक्त पुरवणारी धमनी आणि काळं कडं म्हणजे चरबी. ही माझी खूण. पोटाचा वरचा भाग वाचताना हिला सापडवलं की निम्मं काम झालं. एक-दोन चकत्या खाली गेलं की डाव्या किडनीची शीर हिच्या आणि महाधमनीच्या मधून, पुलाखालून नाला जावा तशी, माणसाच्या उजवीकडे जाताना दिसते. ते काळं कडं पुसट झालं, करडं झालं, तर मी थांबतो. स्वादुपिंडाचा कॅन्सर या धमनीला धरतो तेव्हा पहिल्यांदा हीच चरबी जाते.

या छोट्या वर्तुळाच्या पुढून एक उजळ पट्टी आडवी गेलीय. ती पानथरीकडून येणारी शीर. आडवी जाते म्हणून पट्टी दिसते, केळं उभं कापल्यासारखी. तिचं आपल्या डावीकडचं टोक जाडसर आहे. तिथे आतड्यांची शीर खालून येऊन तिला मिळते आणि लिव्हरकडे जाणारी मोठी शीर सुरू होते. आता या पट्टीच्या लगेच पुढे, तिच्यावर आडवं टेकलेलं, जरा फिकं करडं काय आहे? ते स्वादुपिंड, पॅनक्रियाज. ते नुसतं शोधायला गेलात तर हरवेल. त्याला ना स्वतःचा ठळक आकार, ना वेगळा रंग, आणि वय झालं की कड कणसासारखी खाचेदार होते. पण शीर सापडली की तिच्या पुढ्यात ते असतंच. त्याचं डोकं त्या जाडसर टोकाच्या पलीकडे, आपल्या डावीकडे, लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं. शेपूट पानथरीच्या दिशेने.

बाकीचं पटकन. आपल्या डावीकडे सगळा भाग व्यापलेलं ते लिव्हर, त्याच्या खालच्या अंगाला काळसर पिशवी ती पित्ताशय. उजवीकडे वर जठर, त्यात हवेचा काळा तुकडा वर तरंगतोय, कारण माणूस उताणा आहे. उजवीकडे मागे पानथरी. मणक्याच्या दोन्ही बाजूंना किडन्या. त्यांच्या वरच्या ग्रंथी उलट्या वाय अक्षरासारख्या, बारीक, पण त्या आणखी वरच्या चकतीत चांगल्या दिसतात.

हे सगळं एका पातळीवर येतं ती जागा पुस्तकात नेमून दिलीय. गळ्याखालची खाच आणि जांघेतलं पुढचं हाड, दोन्हींच्या मधोमध आडवी रेघ मारायची. ही रेघ बसवली ख्रिस्तोफर अ‍ॅडिसन या शरीरशास्त्रज्ञाने. पुढे राजकारणात जाऊन तोच ब्रिटनचा पहिला आरोग्यमंत्री झाला. पण रेघ पुस्तकातली. जिवंत माणसाने श्वास घेतला की अवयव रेघ सोडतात. म्हणून ‘या मणक्यापाशी अमुक दिसायलाच हवं’ असं म्हणून चालत नाही.

आता हे चित्र मी का निवडलं ते सांगतो. पानथरीच्या शिरेच्या पट्टीवरून बोट उजवीकडे न्या. शेपटीपाशी हा गोल बघा. साधारण चार सेंटिमीटर, करडा, एकसारखा. मी नवखा होतो तेव्हा हे चित्र माझ्यासमोर आलं. पारोळ्याकडचा पन्नाशीचा शेतमजूर, अंगाने काटक, चार महिने वरचेवर पोट दुखतंय आणि वजन उतरतंय. हे ऐकूनच माझ्या डोक्यात स्वादुपिंडाची गाठ बसली. मग चित्रात ती दिसलीच. आकडा मोजला, शून्याच्या बराच वर. पाणी नाही, म्हणजे गाठच, असं मी लिहून टाकलं. बाहेर त्याची बायको उभी होती. तिने विचारलं, "डॉक्टर, गाठ शे का?" मी मान हलवली. ती मान आजही आठवते.

माझ्या सरांनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "वरखाली गेलास का?" मी गेलो नव्हतो. एकाच चकतीवर खिळून बसलो होतो. त्यांनी माउसचं चाक फिरवलं. दोन चकत्या खाली गोल जरा लांबट झाला. आणखी दोन खाली तो पुढे वळला आणि शेजारच्या दुसऱ्या गोलाला जाऊन मिळाला. तो लिंबू नव्हता, केळं होतं. लहान आतड्याची एक रिकामी, मिटलेली वळी शेपटीला चिकटून पडली होती. मिटलेल्या आतड्याच्या दोन भिंती एकमेकींना लागतात, मधे पाणी नाही, हवा नाही. मग आकडा मांसाचाच येणार.

आणि तो माणूस काटक होता, हे इथे महत्त्वाचं. अंगात चरबी असली तर प्रत्येक अवयवाभोवती काळी रेघ येते आणि कडा सुट्या दिसतात. सडपातळ माणसात ती रेघच नसते, सगळं एकमेकांना टेकतं. तुम्हाला वाटेल बारीक माणसाची सिटी वाचायला सोपी. उलट आहे.

सरांनी एवढ्यावर सोडलं नाही. माणसाला तासाभरात थोडं थोडं करून पाऊण लिटर पाणी पाजलं, उजव्या कुशीवर झोपवलं, म्हणजे जठरातलं पाणी पुढे आतड्यात उतरतं. मग तेवढ्याच भागाच्या थोड्या चकत्या पुन्हा काढल्या. पूर्ण पोटाला पुन्हा किरण द्यायची गरज नव्हती. त्या जागी आता पातळ भिंतीची वळी होती, आत पाणी, आणि भिंतीच्या आतून बारीक घड्या, पिसासारख्या. आतला आकडा शून्याच्या जवळ. गाठीत पाणी शिरत नाही. मी बाहेर जाऊन त्या बाईंना सांगितलं की गाठ नाही. दुखणं जठरातल्या जखमेचं निघालं, ते दुर्बिणीतून दिसलं.

उलटंही घडतं, तेही सांगायला हवं. खरी गाठ आतड्याला चिकटली असेल तर ती ‘आतडंच आहे’ म्हणून सुटू शकते. म्हणून वरखाली गेल्यावर गोल खरोखर पुढच्या वळीला मिळतो का, हे डोळ्यांनी बघायचं. ‘मिळत असणार’ म्हणायचं नाही. आणि शंका उरलीच तर पाणी पाजून पुन्हा.

शेवटी एका गुरुजींनी विचारलं, "पण आमच्याकडच्या फिल्मवर चाक कुठे असतं?" बरोबर आहे. फिल्मवर निवडक चकत्या छापलेल्या असतात, बऱ्याचदा एक सोडून एक. त्या गोलाचा माग फिल्मवर लागला नसता. सगळ्या चकत्या सीडीत असतात. ती बहुतेक पाकिटाच्या आतल्या खिशात सापडेल. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना फिल्म राहिली तरी चालेल, सीडी न्या. नसेल तर जिथे सिटी काढली तिथे मागा. पण लवकर मागा, कारण जुन्या चकत्या मशीनमध्ये कायम ठेवतातच असं नाही.