मोठी कंपनी कोणती?

श्रोतेहो, नमस्कार.

‘जगातली सर्वांत मोठी कंपनी’ हे शब्द बातम्यांत कानावर पडले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, मोठी म्हणजे कशाने? 2024च्या जूनमध्ये हे बिरुद दोन वेगळ्या कंपन्यांना सहज लावता आलं असतं आणि दोन्ही वेळा ते खरंच ठरलं असतं. एक दुकानांची साखळी चालवणारी वॉलमार्ट, दुसरी संगणकाच्या चिप विकणारी एनव्हिडिया.

वॉलमार्टची जानेवारी 2024ला संपलेल्या आर्थिक वर्षाची उलाढाल होती सुमारे 648 अब्ज डॉलर. एनव्हिडियाची त्याच सुमाराला संपलेल्या वर्षाची होती सुमारे 61 अब्ज. म्हणजे वॉलमार्ट दहापटीहून मोठी. आता बाजारमूल्य पाहा. जूनच्या त्या दिवसांत एनव्हिडियाचं मूल्य तीन हजार अब्ज डॉलरच्या आसपास होतं आणि वॉलमार्टचं साधारण साडेपाचशे अब्ज. इथे एनव्हिडिया पाचपटीहून मोठी.

बाजारमूल्य काढण्याची रीत सरळ आहे. कंपनीचे एकूण शेअर गुणिले एका शेअरचा चालू भाव. त्याच जूनमध्ये एनव्हिडियाने एका शेअरचे दहा केले. भाव सुमारे 1,200 डॉलरवरून 120 वर आला, पण शेअरही दहापट, जवळजवळ 25 अब्ज झाले. गुणाकार तोच राहिला. म्हणून नुसत्या शेअरच्या भावावरून कंपनी लहान की मोठी हे कधीच कळत नाही. तो भाव ऐकून कंपनीचा आकार ठरवणारे खूप लोक भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मग दोन मोजमापांत एवढी तफावत का? उलाढाल म्हणजे सरलेल्या वर्षात गिऱ्हाइकांना विकलेल्या मालाची आणि सेवेची रक्कम. त्यातून खर्च जायचा असतो. वॉलमार्टच्या हाती दर शंभर डॉलरच्या विक्रीमागे जेमतेम अडीच डॉलर निव्वळ नफा उरला, एनव्हिडियाच्या हाती जवळजवळ एकोणपन्नास. त्यामुळे एक दशांशाहून कमी विक्री करूनही एनव्हिडियाचा नफा वॉलमार्टच्या जवळजवळ दुप्पट होता. त्यातच हा नफा पुढे झपाट्याने वाढेल असं गुंतवणूकदारांना वाटत होतं. बाजारमूल्यात ही पुढची अपेक्षा मिसळलेली असते, उलाढालीत ती नसते.

आणि अपेक्षा एका दिवसात बदलू शकते. 27 जानेवारी 2025 या एका दिवशी एनव्हिडियाचा शेअर सुमारे 17 टक्क्यांनी घसरला आणि जवळजवळ 590 अब्ज डॉलरचं बाजारमूल्य गेलं. ही रक्कम काही कोणाच्या तिजोरीतून बाहेर पडली नव्हती. त्या दिवशी हात बदललेले शेअर एकूण शेअरांच्या मानाने थोडेच, पण शेवटच्या सौद्याचा भाव सगळ्याच शेअरांना लावला जातो. आदल्या वर्षाच्या उलाढालीत त्याने एका डॉलरचाही फरक पडला नाही.

म्हणूनच या दोन मोजमापांची कामं वेगळी. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांची फॉर्च्युन 500 ही यादी उलाढालीवर लावतात, आणि तिथे 2025पर्यंत वॉलमार्ट वर्षानुवर्षं पहिली आली. एखाद्या धंद्यात कोणाचा बाजारहिस्सा किती, पुरवठादारांकडून माल कोण किती उचलतं, हे सांगायचं तर उलाढालच हवी. उलट अमेरिकी शेअर बाजाराच्या एस अँड पी 500सारख्या निर्देशांकात कंपनीचं वजन बाजारमूल्यावर ठरतं, तेही खुल्या बाजारात मिळू शकणारे शेअर तेवढेच धरून. प्रवर्तकांनी किंवा सरकारने धरून ठेवलेले वगळतात, कारण निर्देशांकामागे जाणाऱ्या फंडाला ते विकतच मिळणार नसतात. लार्ज कॅप, मिड कॅप, म्हणजे मोठ्या आणि मध्यम कंपन्या, ही विभागणीही बाजारमूल्याचीच.

उलाढाल स्थिर म्हणून ती निर्विवाद, असं मात्र समजू नका. समजा, एक संकेतस्थळ हॉटेलची खोली 100 डॉलरला आरक्षित करून देतं आणि त्यातले 85 हॉटेलला पोचवतं. ते निव्वळ मध्यस्थ असेल तर त्याचा महसूल 15 डॉलर. पण खोल्या आधीच स्वतः विकत घेऊन, रिकाम्या राहिल्या तर तोटा सोसून विकत असेल, तर पूर्ण 100 डॉलर महसूल. गिऱ्हाइकाला दोन्हीकडे तीच खोली मिळते, आणि पदरातही पंधराच उरतात. अशा दोन कंपन्यांची उलाढाल शेजारी ठेवण्याआधी त्यांच्या वार्षिक अहवालातलं महसूल-नोंदीचं टिपण वाचावं लागतं. कंपनी स्वतःला विक्रेता मानते की मध्यस्थ, ते तिथे लिहिलेलं असतं.