उत्तरेच्या भिंतीवरचा पाइप

(दृश्य : गच्ची, धुकं, मागे किल्ला. पाइपाची टोपी.)

ग्वाल्हेर, लश्कर. एका जुन्या वाड्याची गच्ची. खाली बैठकीत लोखंडी बुखारी, म्हणजे लाकडावरची बंद शेगडी, पेटलेली आहे, आणि तिचा धूर या टोपीतून निघायला हवा. तो निघतोय बुखारीच्या दारातून, लाकूड घालायला दार उघडलं की.

टोपीची जाळी जवळून पाहा. अर्ध्याहून जास्त भोकं काळ्या, चकचकीत थराने बुजली आहेत. हे क्रिओसोट. लाकूड पुरतं जळलं नाही की धुरात डांबराची वाफ उरते. पाइपाची आतली बाजू साधारण 120 अंशांच्या खाली गेली की ती वाफ तिथेच थंड होऊन चिकटते. टोपी सगळ्यात थंड, म्हणून ती आधी बुजते.

(दृश्य : उत्तरेची भिंत, उघडा पाइप.)

आता पाइपाचा रस्ता. बुखारीतून मीटरभर वर, मग काटकोनात वळून दोन मीटर आडवा, भिंतीतून बाहेर, आणि तिथून साडेचार मीटर उभा. सहा इंची, एकेरी पत्र्याचा. या भिंतीला हिवाळाभर ऊन लागत नाही.

पाइपातला धूर गरम आणि बाहेरची हवा थंड, या फरकावर ओढ तयार होते. बाहेर 10 अंश धरू. उभ्या पाइपातला धूर सरासरी 150 अंशांचा असेल, तर साडेचार मीटरवर जवळपास 18 पास्कल ओढ मिळते. तोच धूर 80 अंशांवर आला तर उरते 11. अशा बुखारीला साधारण 12 लागतात. टोपी बुजलेली आणि आडवा तुकडा वाट अडवणारा, म्हणजे या 11 मधूनही वजावट.

(दृश्य : सांध्यांवरून उतरलेले काळे ओघळ.)

हे ओघळ सांध्यांतून येतात. टिनवाल्याने खालचा पाइप वरच्याच्या आत घातलाय, धूर वर जातो म्हणून. पण डांबर खाली येतं. वरच्या पाइपाचं टोक खालच्याच्या आत हवं, पावसाच्या पाण्याच्या पन्हाळीला असतं तसं, म्हणजे डांबर आतल्या आत खाली उतरतं. सांध्यातून धूर गळेल ही भीती उगाच. ओढ नीट असली की पाइपात दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. फटीतून हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही.

(दृश्य : ब्रश, कांड्या, पाइपाच्या तळाला बांधलेली गोणी.)

बुखारी आदल्या रात्रीच विझवली आहे. आडवा आणि उभा पाइप जिथे मिळतात त्या तळाच्या तीन तोंडी सांध्याचं, म्हणजे टीचं, झाकण काढून तिथे गोणी घट्ट बांधली, बुखारीचं दार ओल्या कापडाने बंद केलं. टोपी उतरवली. सहा इंची तारेचा ब्रश, त्याला एकेक कांडी जोडत वरून खाली. कांडी फिरवायची ती नेहमी पेच घट्ट होतील त्याच बाजूला. उलटी फिरवली तर ब्रश सुटून मध्येच अडकतो.

गोणीत काय पडलं पाहा. तळाकडून आलेली भुकटी : काजळी. हे कुरकुरीत पापुद्रे : यांना तारेचा ब्रश पुरतो. पण वरच्या दीड मीटरमध्ये ब्रश नुसता घसरतोय. तिथे काचेसारखा थर आहे, सहा मिलिमीटर जाड. तो खरवडत बसण्यात अर्थ नाही. तेवढा पाइप बदलला. हाच थर पेटला तर पाइपात हजार अंशांच्या वर आग जाते. आणि धूर खोलीत परतला तर त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू असतो.

(दृश्य : टालवरून आलेलं लाकूड, फोडलेला ओंडका, ओलावा मोजण्याचं यंत्र.)

बाभळीचा ओंडका फोडून यंत्राच्या सुया आतल्या ताज्या बाजूला लावल्या. आकडा 35 टक्के, कोरड्या लाकडाच्या वजनावर. बाहेरच्या सालीवर मोजलं असतं तर 18 दाखवून फसवलं असतं. 35 म्हणजे दहा किलो लाकडात अडीच किलोहून जास्त पाणी. आधी ते उकळतं, मग खोली तापते. 20 च्या खाली हवं. त्यासाठी फोडलेलं लाकूड उन्हाळाभर छपराखाली, हवेशीर रचावं लागतं.

आणि ही हवेची झडप. घरात रोज रात्री ती जवळपास बंद करून ओंडका सकाळपर्यंत धुमसत ठेवतात. काटकसर वाटते, पण क्रिओसोट बनवायला याहून सोपी रीत नाही. लहान फोडी, मोकळी हवा, ज्योत दिसत राहील असा जाळ, आणि झोपताना आग संपलेली. बुखारी अशीच वापरायची असते.

(दृश्य : नवा पाइप, दगडी लोकर, बाहेरचं आवरण.)

सगळे सांधे उलटवून बसवले. आडव्या तुकड्याला बाहेरच्या टोकाकडे मीटरमागे दोन सेंटिमीटर चढ दिला. उभ्या पाइपाभोवती एक इंच दगडी लोकर, वर पत्रा. पेटवण्याआधी टीच्या झाकणातून दोन वर्तमानपत्रांचे बोळे जाळून पाइप तापवला. दाराशी उदबत्ती धरली. धूर आत वळला.

टोपीची जाळी पंधरा दिवसांनी पुन्हा पाहायची. पाइपात थर तीन मिलिमीटर झाला की ब्रश, हिवाळा अर्धा उरलेला असला तरी.