तिकिटामागचा शेवटचा शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

मी पुण्यात जर्मन शिकवते आणि जर्मनमधल्या कागदपत्रांची मराठी भाषांतरं करते. आज एका तिकिटाबद्दल बोलायचं आहे, खरं तर त्याच्या मागच्या बाजूला छापलेल्या सहा ओळींबद्दल. अक्षर इतकं बारीक होतं की भिंग घेऊनही डोळे ताणावे लागत होते.

आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा जर्मनीत कोलोनला असतो. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी त्यानं ऱ्हाइन नदीवरच्या बोटीतल्या सफरीची आणि जेवणाची दोन तिकिटं काढली, एका छान पाकिटात घातली आणि पुण्याला येणाऱ्या मित्राच्या हाती पाठवून दिली. किंमत दोघांची मिळून 120 युरो. सफर होती शनिवार, 14 जून 2025 ची. पण जून उजाडला तरी व्हिसा काही हातात आला नाही. गुरुवारी, 5 जूनला संध्याकाळी काकूंनी तिकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढला, फोनवरच्या भाषांतराच्या सोयीत टाकला आणि निर्धास्त झाल्या. मला म्हणाल्या, "अगं, शेवटपर्यंत वाट बघू. उशिरा रद्द केलं तरी 80 टक्के परत मिळतात म्हणे."

मी फोटो पाहिला. तिकीट दिव्याखाली तिरकं धरलेलं होतं. चकचकीत कागदावर उजेडाचा पांढरा डाग पडला होता आणि उजवीकडची कडा फोटोत आलीच नव्हती. शिवाय फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला, त्यामुळे आधीच बारीक असलेली अक्षरं आणखी विरघळली होती. 80 टक्के हा आकडा दिसत होता, पण त्याच ओळीचा शेवटचा शब्द कापला गेला होता.

जर्मनमध्ये नेमकी हीच जागा धोक्याची. अशा वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्या मराठीसारखंच. "तिकिटाच्या किमतीच्या 80 टक्के रक्कम" इथपर्यंत वाचून थांबलात, तर पुढे "परत मिळेल" आहे की "कापून घेतली जाईल", हे कळणार कसं? जर्मनमध्ये 'एरश्टाटेट' असेल तर पैसे परत. 'आइनबेहाल्टन' असेल तर पैसे त्यांच्याकडेच राहिले. आणि या तिकिटावर लगेच पुढचं वाक्य होतं ते बोटवाल्यांनी स्वतःच सफर रद्द केली तर काय, याबद्दलचं. ऱ्हाइनला मोठा पूर आला की बोटी थांबवाव्या लागतात. कोलोनच्या मोजपट्टीवर पाणी 8.30 मीटरला गेलं की तिथली जहाजवाहतूक बंदच करतात. अशा वेळी पूर्ण रक्कम 'एरश्टाटेट', म्हणजे परत. भाषांतरात या दोन वाक्यांची सरमिसळ झाली होती. कापलेल्या कडेमुळे पहिल्याचं क्रियापद हरवलं आणि दुसऱ्याचं त्याला चिकटलं.

म्हणून मी काकूंकडे गेले आणि आम्ही फोटो पुन्हा काढला. सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, तिकीट टेबलावर सपाट ठेवून, फोन बरोबर वर धरून. तिकीट पातळ असल्यामुळे पुढची छपाई मागे उमटून दिसत होती, म्हणून खाली काळा कागद सरकवला. उमटणं लगेच कमी झालं. आधी चारही कोपरे येतील असा एक फोटो घेतला. मग जवळून दोन घेतले, पहिल्याच्या शेवटच्या दोन ओळी दुसऱ्याच्या सुरुवातीला पुन्हा येतील असे, म्हणजे मधली ओळ निसटायला नको. कोलोनच्या मुलाला पाठवताना ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवले, कारण तसे पाठवले की अक्षरं मूळ आकारात पोचतात.

आता वाक्य पूर्ण दिसलं. सफरीच्या आधीच्या सातव्या दिवसापर्यंत रद्द केल्यास 20 टक्के, त्यानंतर 80 टक्के कापून घेतले जातील. दोन्ही आकड्यांना एकच क्रियापद, तेही अगदी शेवटी. आकड्यांत मांडते. वेळेत रद्द केलं तर 24 युरो जाणार, 96 परत येणार. उशीर केला तर 96 जाणार आणि 24 परत. काकूंच्या मनात दोन्ही वेळा परतीचा आकडा 96 होता.

सातवा दिवस कोणता, हा पुढचा प्रश्न. सफरीचा दिवस मोजायचा नाही. 13 तारीख पहिली धरून मागे मोजत गेलं की सातवी येते 7 जून, शनिवार. पण तिकिटावर आणखी एक अट होती: आपण कधी पाठवलं हे धरलं जाणार नाही, त्यांना कधी मिळालं ते धरलं जाईल. त्यात शनिवारी कार्यालयात कोणी असेलच असं नाही, रविवारी 8 तारखेला पेंटेकॉस्ट आणि सोमवारी 9 ला त्या सणाची जर्मनीभर सुट्टी. त्यामुळे शुक्रवारची दुपार हीच आमच्यासाठी खरी मुदत ठरली. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. आपल्याकडे दुपारचे दीड वाजतात तेव्हा तिथे सकाळचे दहा. कार्यालय नुकतंच उघडलेलं असतं.

कळवायचं कसं, तेही लिहिलं होतं: 'टेक्स्टफॉर्म'. म्हणजे मजकूर टिकून राहील अशा रूपात, ईमेल चालतो. सहीचं पत्र लागत नाही, पण नुसता फोन पुरत नाही. काकूंच्या मुलानं आधी फोनच करायचं ठरवलं होतं. मी त्याला म्हटलं, फोन खुशाल कर, पण ईमेल आधी.

आणि शेवटची ओळ, जी काकूंना सगळ्यात जास्त लागली: परतीची रक्कम 'गुटशाइन' म्हणून. गुटशाइन म्हणजे पुढच्या खरेदीत वापरायचं व्हाउचर. रोख पैसे किंवा खात्यात जमा, असं काही नाही. माझ्या अनुभवात मराठी सारांश करताना सर्वात जास्त वेळा हीच गोष्ट सुटते, कारण "परत मिळेल" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पैसेच येतात.

मी काकूंना वहीच्या पानावर लिहून दिलं ते असं: "शुक्रवारी 6 जूनला दुपारपर्यंत ईमेल पोचला पाहिजे. 24 युरो कापतील. 96 युरोचं व्हाउचर देतील, पैसे देणार नाहीत. शनिवारनंतर कळवलं तर 96 कापतील. त्यांनीच सफर रद्द केली तर पूर्ण 120 परत." टक्के मुद्दाम लिहिले नाहीत. "कापतील" आणि "देतील" ही क्रियापदं मात्र प्रत्येक आकड्याला वेगळी लावली.

काका म्हणाले, ऑनलाइन खरेदी 14 दिवसांत परत करता येते ना युरोपात? येते, पण ठरलेल्या तारखेच्या करमणुकीच्या तिकिटांना जर्मन कायद्यानं त्यातून वगळलं आहे. त्यामुळे इथे तिकिटामागच्या अटीच लागू होत्या.

ईमेल शुक्रवारी दीडला गेला आणि चारच्या आत पोच आली. पुढच्या आठवड्यात 96 युरोचं व्हाउचरही आलं. त्यावर मुदत छापलेली नव्हती. तशी नसेल तर जर्मनीत सर्वसाधारण तीन वर्षांची मुदत धरतात आणि ती ज्या वर्षी व्हाउचर मिळालं त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. काकूंनी त्याच पाकिटावर पेनानं लिहून ठेवलं आहे: 31 डिसेंबर 2028.