पिरॅमिडची बेरीज

(मालवणात शालेय क्रीडाशिक्षक आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करतो. सड्यावरच्या मैदानात आम्ही फक्की मारून चारशेचा ट्रॅक आखला होता. मुलं आसपासच्या वाड्यांमधून यायची आणि संध्याकाळची एसटी चुकली की चालत घरी, त्यामुळे सेशन किती वेळ चालणार हे मी आधी कागदावर मांडून न्यायचो. त्या दिवशी पिरॅमिड होता. दोनशे, चारशे, सहाशे, आठशे, मग परत सहाशे, चारशे, दोनशे. मी चढणीची बेरीज केली, 2000 मीटर आली, तिची दुप्पट केली आणि फळ्यावर लिहिलं 4000. मागून एक पोरगा म्हणाला, "सर, आठशे दोनदा कित्याक मोजलात? आमी तर येकदाच धावतलव."

त्याचं बरोबर होतं. चढण आणि उतरण सारखी दिसतात म्हणून आपण दुप्पट करतो, पण शिखर दोन्हींत सामाईक असतं. 4000 मधून एक आठशे वजा केले की 3200 उरतात. म्हणजे आठ फेऱ्या. 800 मीटरची ही चूक छोटी नाही, ताज्या दमाने आलेल्या मुलाला ती पूर्ण दोन फेऱ्या जास्त पळवते किंवा वहीत न पळालेलं अंतर लिहून ठेवते.

याचीच जुळी बहीण म्हणजे रिकव्हरीची मोजणी. रेप, म्हणजे सलग पळायचे तुकडे, सात आहेत, म्हणून रिकव्हरीही सात धरल्या जातात. पण रिकव्हरी दोन रेपच्या मधे असते. सात खांबांमधे सहाच गाळे. शेवटच्या दोनशेनंतर जे हळू पळणं आहे ते कूल-डाउन, ते वेगळ्या खात्यात. वॉर्म-अपही तसंच वेगळं. ही तीन खाती एकत्र केली की आकडा मोठा दिसतो आणि काहीच कळत नाही.

आता पेसवरचा वेळ. एक मुलगी समोर ठेवू, जी पाच किलोमीटर वीस मिनिटांत पळते. म्हणजे शंभर मीटरला 24 सेकंद. पिरॅमिडमधे ती त्यापेक्षा वेगाने पळणार, आणि रेप जितका आखूड तितका वेग जास्त. तिला मी असं दिलं: दोनशे 40 सेकंदांत, चारशे 84 मधे, सहाशे 132 मधे आणि आठशे 184 मधे. शंभरी धरून बोलायचं तर 20, 21, 22 आणि 23 सेकंद. एक पायरी चढली की शंभरीमागे एक सेकंद सैल.

बेरीज करू. दोनशे, चारशे आणि सहाशे मिळून 256 सेकंद. चढताना एकदा, उतरताना एकदा, म्हणजे 512. त्यात शिखराचे 184, एकूण 696 सेकंद. 11 मिनिटं 36 सेकंद.

इथे एक गंमत आहे, आणि चांगले कोचही तिच्यात अडकतात. ते सात रेपचा सरासरी पेस काढतात: 20, 21, 22, 23, 22, 21, 20 यांची बेरीज 149, भागिले सात, सुमारे 21.29. मग म्हणतात, बत्तीस शंभऱ्या गुणिले 21.29, म्हणजे 681 सेकंद. खरा आकडा 696. पंधरा सेकंद कुठे गेले? दोनशेला आणि आठशेला एकाच मापाने तोललं, म्हणून गेले. आठशेमधे आठ शंभऱ्या आहेत, दोनशेमधे दोनच. जास्त शंभऱ्या संथ वेगात पळल्या जातात, त्यामुळे खरी सरासरी 21.75 आहे. बांगडा आणि सुरमई एकेकच घेतले तरी दोघांच्या भावाची सरासरी काढून बिल होत नाही, वजन बघावं लागतं.

रिकव्हरीकडे मी जरा जास्त वेळ देणार आहे, कारण खरं सेशन तिथे ठरतं.

दोन पद्धती तुम्ही ऐकल्या असतील. एक, प्रत्येक रेपनंतर ठरावीक 200 मीटर जॉग. दुसरी, जेवढं पळालात त्याच्या निम्मं जॉग. जॉगचा वेग शंभरीला 45 सेकंद धरू, अगदी रमतगमत.

पहिल्या पद्धतीत सहा वेळा 200, म्हणजे 1200 मीटर, प्रत्येकी 90 सेकंदांप्रमाणे 9 मिनिटं. सेशन 4400 मीटरचं, 20 मिनिटं 36 सेकंदांचं. या पद्धतीचा मैदानावरचा फायदा मोठा आहे: चारशेच्या ट्रॅकवर प्रत्येक रेप एक तर फिनिश लाइनवर सुरू होतो नाहीतर बरोबर समोर, दोनशेच्या खुणेवर. आणि अकरा फेऱ्या होऊन मूल शेवटी जिथून निघालं तिथेच येतं. एकटा शिक्षक घड्याळ घेऊन उभा असेल तर त्याला हेच परवडतं. तोटा असा, की दोनशेला 40 सेकंद पळून 90 सेकंद विसावा मिळतो, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि आठशेला 184 सेकंद पळून तेवढाच, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

दुसऱ्या पद्धतीत जॉग असे येतात: 100, 200, 300, 400, 300, 200. बेरीज 1500 मीटर, वेळ 11 मिनिटं 15 सेकंद. सेशन 4700 मीटरचं आणि 22 मिनिटं 51 सेकंदांचं. आता रेप आणि त्यामागची रिकव्हरी शेजारी ठेवा. 40 ला 45, 84 ला 90, 132 ला 135, 184 ला 180. जवळजवळ जितकं काम तितका विसावा. निम्मं अंतर सांगितलं तरी प्रत्यक्षात आपण समान वेळ दिला, कारण जॉगचा वेग पळण्याच्या साधारण निम्मा असतो. जॉग करणारा मुलगा उत्साही असेल आणि शंभरी 35 सेकंदांत काढत असेल, तर हे गणित मोडतं. म्हणून त्याच्या जॉगवरही एकदा घड्याळ लावा. आणि इथे रेप ट्रॅकभर विखुरतात: दुसरा रेप तीनशेच्या खुणेवरून, तिसरा शंभरच्या खुणेवरून. काठ्या रोवून खुणा केल्या नाहीत तर मुलं अंदाजाने थांबतात.

काही जण निम्मं अंतर पुढच्या रेपचं धरतात: चारशेआधी 200, सहाशेआधी 300, असं. बेरीज करून बघा, तीही 1500 येते. पिरॅमिड सममित असल्यामुळे बेरीज एकच, पण सेशन वेगळं. पहिल्या मांडणीत आठशेच्या आधी 300 आणि नंतर 400 मिळतात. दुसरीत आधी 400, नंतर 300, आणि शेवटच्या दोनशेआधी फक्त 100. चढताना आराम, उतरताना कस. नवख्याला मी पहिली मांडणी देतो. शेवटी दमलेल्या पायांनी वेग काढायची सवय लावायची असेल तर दुसरी.

आमच्याकडे ट्रॅक बऱ्याचदा आपणच आखलेला असतो, म्हणून अंतराची एक चूक सांगतो. मूल आतल्या रेषेला धरून न पळता एक मीटर बाहेरून पळालं तर प्रत्येक फेरीला ते सव्वासहा मीटर जास्त पळतं. मैदान चारशेचं असो वा दोनशेचं, फेरीमागे जादा अंतर तेवढंच. पण दोनशेच्या मैदानावर 3200 साठी सोळा फेऱ्या लागतात, म्हणजे शंभर मीटर जास्त. चारशेवर आठ फेऱ्या, पन्नास मीटर. पावसाने फक्की धुपून गेलेल्या मैदानावर मुलं बाहेर सरकतात, वेळ मंद येते आणि शिव्या पायांना बसतात. भाट्ये किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर वळणं नाहीत, ही अडचण नाही, पण ओहोटीची ओली घट्ट वाळू मिळाली तरच हे आकडे लागू. कोरड्या वाळूत घड्याळ बाजूलाच ठेवा.

आता त्या मुलीच्या वहीचं पान. तिने पहिल्यांदा असं पळून दाखवलं: 36, 79, 130, 190, 139, 88, 41. बेरीज 703. मी ठरवलेले 696. फक्त सात सेकंदांचा फरक, म्हणजे छान झालं असं तिला वाटलं. मी म्हटलं, पान आठशेवर दुमड. दुमडल्यावर सहाशे सहाशेसमोर येतो, चारशे चारशेसमोर. चढताना 245 सेकंद, उतरताना 268. तेवीस सेकंद घसरली. सुरुवातीला दोनशे 36 मधे मारून पैसे आधीच उडवले, आणि सहाशे चढताना दोन सेकंद पुढे होती ती उतरताना सात सेकंद मागे. पिरॅमिडची हीच सोय आहे की प्रत्येक अंतर दोनदा येतं. शिखर तेवढं एकटं, त्याची तुलना ठरवलेल्या वेळेशीच करावी लागते.

शिवाय तिने घड्याळ पहिल्या रेपला सुरू करून शेवटी थांबवलं होतं, मधे फक्त लॅप दाबत गेली. एकूण 23 मिनिटं 50 सेकंद. त्यातून पळण्याचे 11 मिनिटं 43 सेकंद वजा केले की रिकव्हरी 12 मिनिटं 7 सेकंद उरते. सहाने भागलं तर प्रत्येकी दोन मिनिटं. आम्ही ठरावीक 200 मीटर जॉगची पद्धत धरून ठरवली होती 90 सेकंद. म्हणजे जास्त आराम घेऊनही घसरली. हे फक्त रेपच्या वेळा लिहिल्या असत्या तर दिसलंच नसतं. एकूण वेळ आणि पळण्याची वेळ, दोन्ही हवेत, तिसरी वजाबाकीत मिळते.

पुढच्या आठवड्यात मी तिला एकच अट घातली: पहिला दोनशे 40 च्या आत आणलास तर परत पळवीन. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण आणला नाही. 40, 84, 133, 185, 133, 84, 39. चढताना 257, उतरताना 256. एकूण 698, म्हणजे आधीच्यापेक्षा पाच सेकंद कमी. रिकव्हरी सहाही वेळा 90 च्या आसपास. शेवटच्या 39 ला ती माझ्याकडे बघत पळत होती, आणि त्याबद्दल मी काही बोललो नाही.