ताई परत कामावर आल्या, आता त्यांना काय लिहायचं?

(परभणीत पतसंस्था आणि बँकांच्या कर्मचाऱ्यांसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

बसा बसा, मागच्यांनी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

मला विषय दिलाय 'कामाच्या ठिकाणचे मानवी संबंध', पण तो लई मोठा आहे आणि एका तासात त्यातलं काही हाती लागणार नाही, म्हणून मी फक्त एका मेसेजबद्दल बोलणार आहे. व्हॉट्सॲपवरचा मेसेज, सात-आठ ओळींचा. तो कुणाला, तर ज्याची आई किंवा वडील गेलेत आणि जो परत काउंटरला येऊन बसलाय त्याला.

आपल्याकडं माणूस गेलं की आपण मातीला जातो. रात्री दोनला फोन आला तरी गाडी करून जातो, शाखेतले सहा-सात जण एका बोलेरोत कोंबून गंगाखेडच्या पुढच्या खेड्यापर्यंत जातात, यात मराठवाडा कधी कमी पडत नाही. बायका गळ्यात पडून रडतात, पुरुष ओट्यावर गप बसतात, शेजारच्या घरून पिठलं-भाकरी येते, दहाव्याला परत सगळे गोदावरीच्या काठावर. आणि तेच सहा-सात जण, तीच बाई अकराव्या-बाराव्या दिवशी शाखेत आली की काय करायलेत? "आल्या का ताई? बरं झालं, पेन्शनवाल्यांची लाईन लागलीय." संपलं. माणसं निर्दयी नाहीत हो. घरी काय करायचं ते ठरलेलं असतं, कुठं बसायचं, कधी उठायचं, काय बोलायचं. ऑफिसात तसं काहीच ठरलेलं नाही, म्हणून सगळे कीबोर्डकडं बघतात. वर असंही वाटतं की विषय काढला तर उगाच तिला आठवण होईल. अहो, ती विसरलेली कधी होती?

मी मुद्दाम 'ती' म्हणतोय. पुरुषाचे वडील गेले तर तो मुंडण करून येतो, डोक्यावर टोपी असते, काउंटरवरच्या परक्या माणसालाही कळतं की याच्याशी जरा सांभाळून बोलावं. लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक आपल्याकडं रूढीनं तीनच दिवसांचं. अंगावर खूण काही नाही, तीच साडी, तीच वेणी. आणि लोकांच्या मनात कुठंतरी ते तीन दिवस हिशोबासारखे बसलेले असतात, की तिचं काय, ती दिल्या घरची. सासरीही दोन दिवसांनी विचारतात, उद्यापासून डबा करशील ना. म्हणजे दुःख पूर्ण, आणि त्याला जागा सगळ्यात कमी.

रजेचंही तसंच. 2017 चा महाराष्ट्राचा दुकानं-आस्थापनांचा कायदा आहे, ठराविक संख्येपेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागतो, त्यात वर्षाला 8 दिवस किरकोळ रजा आहे. घरात मृत्यू झाला म्हणून वेगळी रजा त्यात नाही. त्या आठातले चार आईच्या दवाखान्यात आधीच गेलेले असतात. उरलेलं साठलेल्या रजेतून किंवा बिनपगारी. म्हणून माणूस लवकर परत येतो, सावरला म्हणून येतो असं नाही.

आता केस घेऊ. एका शाखेतली कॅशियर, पंचेचाळीसच्या आसपासची, सगळे ताई म्हणतात. आई गेली, वय सत्तरीच्या पुढं, दोन महिने आजारी. शाखेतल्या एका पोरानं, क्लार्क आहे, ताईंच्या शेजारच्या काउंटरला बसतो, तिला मेसेज लिहिला आणि पाठवायच्या आधी मला दाखवला. असा होता:

"ताई, आईंच्या निधनाची बातमी ऐकून अतिशय दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो. त्या त्रासातून सुटल्या. काळ हेच औषध आहे. स्ट्राँग रहा. काही लागलं तर सांगा."

पोरगा मनानं चांगला, पण हा मेसेज ग्रुपवर आधीच चाळीस जणांनी टाकलाय, खाली हात जोडलेले. एकेक ओळ बघू.

"त्या सुटल्या" हे म्हणायचा अधिकार लेकीचा. ती स्वतः म्हणाली तर मान हलवायची, आपण होऊन म्हणायचं नाही, कारण ऐकणाऱ्याला ते 'बरं झालं गेल्या' असं लागतं. वय झालं होतं, भरलं घर बघून गेल्या, हे पण त्यातच. "काळ हेच औषध" खोटं नाही, पण आज बाराव्या दिवशी त्याचा उपयोग शून्य. "स्ट्राँग रहा" म्हणजे काय, तर आमच्यापुढं रडू नका. आपल्याला तसं म्हणायचं नसतं, पण तिला तेच कळतं आणि ती रडायला बाथरूममध्ये जाते. आणि "काही लागलं तर सांगा" ही तर सगळ्यात सोपी पळवाट, कारण त्यात काय लागेल ते तिनं शोधायचं, कुणाला मागायचं ते तिनं ठरवायचं, वर मागायची लाजही तिनंच गिळायची. असं सांगून कोण मागतं हो? मी तरी पाहिलं नाही.

मग मी त्या पोराला विचारलं, ताईंच्या आईंना तू कधी भेटला होतास का. म्हणाला नाही, पण मार्च क्लोजिंगला आम्ही रात्री थांबलो होतो तेव्हा त्यांनी धपाटे पाठवले होते सगळ्यांना, दह्यासकट. अरे, मग हे लिही ना! दुसरं विचारलं, ताईंचा दिवसातला अवघड वेळ कोणता. तर तो जरा थांबून म्हणाला, दुपारचं जेवण. रोज डबा उघडला की आईंचा फोन यायचा, ताई स्पीकरवर टाकून जेवता जेवता बोलायच्या, आम्हाला सगळ्यांना पाठ होतं की गाय व्यायली का आणि भावजयीचं काय चाललंय. आता त्या वेळेला फोन वाजणार नाही. बघा, शेजारी बसणाऱ्या माणसाला किती माहीत असतं, आणि मेसेजमध्ये मात्र चिरशांती.

तिसरं विचारलं, कामात काय त्रास होईल. इथं कॅशवाल्यांनी ऐका. घरचं माणूस गेल्यावर लक्ष टिकत नाही, आकडा वाचलेला डोक्यात राहत नाही, एकच गोष्ट दोनदा करायला होते, हे अगदी नेहमीचं आहे आणि कैक आठवडे चालतं. दुसऱ्या टेबलावर ते खपून जातं. कॅशला खपत नाही, शंभरच्या बंडलाऐवजी पाचशेचं गेलं तर संध्याकाळी कॅश शॉर्ट, आणि ती स्वतःच्या खिशातून भरायची. तो पोरगा आधी म्हणत होता की दुपारी तासभर मी त्यांचं काउंटर बघतो. मी म्हटलं, अरे, कॅश अशी मधेच हातात देता येत नाही, नोटा मोजून सही करून चार्ज द्यावा लागतो, तू तिचं काम वाढवायला निघालास. त्यापेक्षा संध्याकाळी टॅलीला शेजारी बस, बंडलं दुसऱ्यांदा तू मोज.

शेवटी मेसेज असा झाला:

"ताई, उद्या तुम्ही येणार असं साहेबांकडून कळलं. आई गेल्या याचं फार वाईट वाटतंय. मार्च क्लोजिंगच्या रात्री त्यांनी पाठवलेले धपाटे आठवले, साहेबांनी चार खाल्ले होते. उद्या सगळ्यांसमोर मी विषय काढणार नाही, पण तुम्हाला आईंबद्दल बोलावं वाटलं तर मला ऐकायला आवडेल. जेवायला तुम्ही म्हणाल तर सोबत बसतो, एकटं बसावं वाटलं तर तसं. हे दोन आठवडे संध्याकाळी टॅलीला मी शेजारी थांबतो, बंडलं दोघं मिळून मोजू. याला रिप्लाय द्यायची गरज नाही."

'आई गेल्या' हे शब्द सरळ लिहिलेत, झालेली घटना किंवा वाईट प्रसंग असं गोलगोल नाही. आजार काय होता, शेवटी काय झालं, हे विचारलेलं नाही, कारण ते ती पन्नास जणांना सांगून दमलीय. आणि शेवटची ओळ सगळ्यात कामाची, कारण तिच्या फोनवर दीडशे मेसेज पडून आहेत आणि प्रत्येकाला हात जोडायचं ओझं आहे.

पाठवायचा कधी? आदल्या संध्याकाळी. सकाळी दहाला नाही, कारण तिनं तो कॅश उघडतानाच वाचला तर डोळे भरतील आणि समोर लाईन असेल.

पुढचं ऐका, इथं बरेच जण गंडतात. तिसऱ्या दिवशी ताई कुणाच्या तरी जोकवर खळखळून हसल्या. लगेच शाखेत ठरलं, चला, ताई सावरल्या. चार वाजता एक म्हातारी पासबुक भरायला आली, नऊवारीतली, आणि ताई उठून आत गेल्या. तर लोक म्हणतात, अरे, सकाळी तर ठीक होत्या. श्ट्रोबे आणि शूट म्हणून नेदरलँड्समधले दोन अभ्यासक आहेत, त्यांनी 1999 मध्ये हेच मांडलंय, की माणूस दुःखाकडं जातो, मग रोजच्या कामाकडं येतो, परत दुःखाकडं जातो, आणि हे जाणं-येणं हाच सावरण्याचा रस्ता आहे. म्हणजे हसणं नाटक नाही आणि चारचं रडणं म्हणजे तब्येत बिघडली असंही नाही. दोन्हीला "काय झालं?" म्हणून धावू नका. पाण्याचा ग्लास ठेवा, पासबुक तुम्ही भरा.

दुसरा मेसेज मात्र पाठवायचाच, आणि तो कुणीच पाठवत नाही. पहिला महिना ग्रुप, नातेवाईक, सगळे असतात, मग फोन बंद होतात. आपल्याकडं लेकी पंचमीला माहेरी जातात. आई नसताना येणारी पहिली पंचमी, त्याच्या दोन-चार दिवस आधी दोन ओळी बस झाल्या: "ताई, पंचमी आलीय, यंदा अवघड जात असेल. शुक्रवारी लवकर निघायचं असेल तर टॅलीचं सांगा, आधी करून घेऊ." पितृपक्षात, वर्षश्राद्धाला तसंच. तारीख फोनमध्ये टाकून ठेवा, यात कृत्रिम काही नाही, वसुलीच्या तारखा नाही का टाकत आपण!

ताईंनी उत्तर दिलं नाही तर? नाही दिलं. तोंड चुकवून फिरू नका, परत विचारूही नका, टॅलीला मात्र ठरल्याप्रमाणं बसा. काही जणांना ऑफिस हीच अशी जागा असते जिथं चार तास आई गेलेली नसते, त्यांना ते चार तास राहू द्या. पण सहा महिने उलटले, अजून रोजच तितकंच तीव्र आहे, खाणं-झोप गेलीय, कामावर येणंच जमेना, किंवा आता जगून काय करू अशी भाषा आली, तर ती मेसेजनं सुटणारी गोष्ट नाही. आणि ती भाषा आली तर सहा महिन्यांची वाट बघायची नाही. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाईन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात. नंबर नुसता फॉरवर्ड करू नका, शेजारी बसून लावून द्या.

साहेब लोक पुढं बसलेत, त्यांना एकच सांगतो. मेडिक्लेम रिन्यूअलचा फॉर्म येतो ना, त्यात आई-वडिलांची नावं आधीच छापलेली असतात आणि समोर 'वय' म्हणून रकाना असतो. ताईंचा फॉर्म त्यांच्या टेबलावर जायच्या आधी एकदा बघा, ते नाव हेड ऑफिसला सांगून काढून घ्या. आणि मृत्यूचा दाखला, गावाकडं वारस नोंद, आईच्या खात्याचं, यासाठी त्यांना तीन-चार हेलपाटे पडणारच आहेत, तेव्हा रजेचा अर्ज घेऊन केबिनच्या दारात उभं करू नका, तुम्हीच विचारा कोणत्या वारी जायचंय.

चला, आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.