पंचवीस मिलिमीटर कुठून आले?

(म्हापशात नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मला बोलावलं ते एका ओळीमुळे. तुमच्यापैकी काही जणांनी एका शहरी रस्त्याच्या पाहणीचा अहवाल मिळवला. तीस-पस्तीस पानं, शेवटी शिफारस: 'संपूर्ण लांबीत २५ मिमी जाडीचा हॉटमिक्सचा थर द्यावा.' आणि तुम्ही विचारलंत, हे पंचवीस आले कुठून? प्रश्न बरोबर आहे. रस्त्याचं नाव आज घेणार नाही, आकडेही हिशेबाला सोपे जावेत म्हणून थोडे गोळाबेरीज केलेत. पण गोष्ट तीच आहे.

रस्ता १२०० मीटरचा. वरचे ७०० मीटर टेकडीच्या उतारावर, खाली जांभा. उरलेले ५०० मीटर सखल भागात, जुन्या खाजनावर भराव टाकून केलेले. तुमच्यातल्या वयस्करांना तिथली भातशेती आठवत असेल. डांबर वरपासून खालपर्यंत एकसारखं काळं दिसतं, म्हणून रस्ता एकच वाटतो. हे दोन रस्ते आहेत.

आता मोजणी कशी होते ते बघू. बेंकलमन बीम नावाची एक लांब दांडी असते, ३.६६ मीटरची. ट्रकच्या मागच्या आसावर ८१७० किलो वजन येईल एवढा माल भरतात, टायरमध्ये हवा ५.६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. मागच्या जोडचाकांच्या मधल्या फटीत दांडीचं टोक रस्त्यावर टेकवतात. चाकांच्या वजनाने रस्ता थोडासा दबलेला असतो. मग ट्रक सावकाश पुढे नेतात आणि रस्ता परत किती वर येतो ते दुसऱ्या टोकाच्या डायलवर वाचतात. म्हणजे आपण रस्ता किती खचला ते मोजत नाही, उसळून किती वर आला ते मोजतो. दांडीचा टेकू टोकापासून २.४४ मीटरवर असल्याने डायलवरची हालचाल निम्मी दिसते, म्हणून वाचनाची दुप्पट करायची.

वाचनं तीन घ्यायची असतात. ट्रक उभा असताना पहिलं, २.७ मीटर पुढे जाऊन थांबल्यावर दुसरं, आणखी ९ मीटर गेल्यावर तिसरं. घाईत असलेला माणूस मधलं गाळतो, किंवा लिहितो पण वापरत नाही. आपली गाडी इथेच घसरते, म्हणून जरा थांबू या.

समजा एका बिंदूवर पहिल्या आणि तिसऱ्या वाचनात ०.७१ मिमीचा फरक आला. दुप्पट केली की १.४२. आता मधल्या आणि शेवटच्या वाचनातला फरक बघा. तो ०.०१ असेल तर ०.०२५ च्या मर्यादेच्या आत, १.४२ हाच आकडा धरायचा. पण तो ०.०३ आला तर मर्यादेच्या बाहेर. याचा अर्थ दांडीचे पुढचे पायच दबलेल्या खळग्यात उभे होते, आणि ट्रक गेल्यावर रस्त्याबरोबर तेही वर आले. मापणाराच हलला. मग त्या ०.०३ ची दुप्पट, ०.०६, तिला २.९१ ने गुणून, साधारण ०.१७, मूळ आकड्यात मिळवायचे. १.४२ चे १.५९ होतात.

हा फरक कुठे जास्त येतो? जिथे जमीन मऊ आणि खळगा पसरट, तिथे. जांभ्यावर सहसा येत नाही, खाजनावर येतो. म्हणजे मधलं वाचन गाळलं की नेमक्या कमजोर भागाचं दबणं कमी दिसतं. अहवाल हातात आला की मी शिफारस वाचायच्या आधी परिशिष्टातला तक्ता काढतो आणि मधल्या वाचनाचा स्तंभ आहे का ते पाहतो. नसेल, किंवा प्रत्येक ओळीत शेवटच्या वाचनाइतकाच आकडा असेल, तर समजायचं की तो मोजलेला नाही, भरलेला आहे.

दुसरी नजर तारखेवर आणि तापमानावर. डांबर उन्हात मऊ होतं आणि जास्त दबतं. म्हणून सगळी वाचनं ३५ अंशांवर आणतात. वर असेल तर दर अंशामागे ०.०१ मिमी वजा, खाली असेल तर तितकेच जमा. तापमान हवेचं नव्हे, डांबराचं. त्यात ४० मिमी खोल भोक पाडून, ग्लिसरॉल घालून, थर्मामीटर बुडवून घेतलेलं. आपल्याकडे ऑक्टोबरातल्या दुपारी डांबर हवेपेक्षा किती तापतं ते अनवाणी चालून पाहिलेल्याला सांगायला नको. एका पानावर दिवसभराच्या सगळ्या बिंदूंना तेच एक तापमान दिसलं तर तीही शंका घ्या.

तारीख महत्त्वाची कारण खालची माती पावसाळ्यानंतर सर्वांत मऊ असते, आणि मोजायला तीच वेळ योग्य. उन्हाळ्यात मोजलं तर मातीतला ओलावा, तिची जात आणि तिथला पाऊस बघून वाचन वाढवावं लागतं. या सुधारणेच्या आलेखांत पावसाची सीमारेषा वर्षाला १३०० मिमी आहे. गोवा ती केव्हाच ओलांडून बसलेला आहे. तुमच्या अहवालातली मोजणी ऑक्टोबरातली आहे, त्यामुळे इथे काही तक्रार नाही. उगाच सगळंच वाईट म्हणायचं नाही.

आता मुख्य हिशेब. ५० मीटरवर एक असे एका बाजूला २४ बिंदू घेतले. सर्वांची सरासरी १.१० मिमी, प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा, ०.४२. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांना सरासरीत विचलनाची दुप्पट मिळवतात, बाकी रस्त्यांना एकदाच. म्हणून या रस्त्याचं दबणं १.५२ मिमी धरलं.

जाडी काढायला इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९७ च्या मार्गदर्शिकेत, आयआरसी ८१ मध्ये, आलेख दिलेला आहे. येत्या वर्षांत किती अवजड आस जाणार याची बेरीज आणि हे दबणं, या दोघांवरून तो वाचतात. सभागृहात आलेख वाचणं जमायचं नाही, आणि खरं तर तुमच्या अहवालातही वापरलेलं आहे त्याआधीचं जुनं सूत्र. ते पाटीवर लिहितो:

h = 550 log(Dc/Da)

यात Dc म्हणजे आपलं १.५२. Da म्हणजे चालवून घेता येईल एवढं दबणं. दिवसाला ४५० ते १५०० अवजड गाड्या धरल्या की ते १.२५. उत्तर येतं सुमारे ४७ मिमी, पण ते खडीच्या थराचं. डांबरी थराला निम्मं करतात: २३. वर गोळा करून २५. हे तुमचे पंचवीस! गणितात चूक नाही.

चूक गणिताच्या आधी आहे. सरासरी १.१० आणि विचलन ०.४२, म्हणजे सरासरीच्या जवळजवळ चाळीस टक्के. एका जातीच्या रस्त्यावर इतका पसारा सहसा येत नाही. तेच २४ बिंदू मी वेगळे केले. वरच्या १४ बिंदूंची सरासरी ०.७८, विचलन ०.१२, दबणं ०.९०. खालच्या १० बिंदूंची सरासरी १.५५, विचलन ०.२०, दबणं १.७५. वरच्या भागाचं ०.९० हे १.२५ पेक्षा कमी, म्हणजे तिथे ताकदीसाठी थराची गरजच नाही. भेगा भरा, खडबडीत झालं असेल तर पातळ पृष्ठथर द्या, पुरे. खालच्या भागाला तेच सूत्र लावलं की खडीचे ८० आणि डांबराचे ४० मिमी येतात. त्या १.५२ मिमीचा रस्ता या १२०० मीटरमध्ये कुठेच नाही.

आणि ४० वरही थांबता येत नाही. १९९७ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे ताकदीसाठी थर द्यायचाच तर निदान ५० मिमी बीएम आणि त्यावर पृष्ठथर. बीएम म्हणजे बिटुमिनस मॅकॅडम, डांबर-खडीचं पोकळ मिश्रण, पाणी धरून ठेवणारं. आपल्या चार महिन्यांच्या पावसात मला ते वरच्या थराखाली नको वाटतं. मी डीबीएम, म्हणजे डेन्स बिटुमिनस मॅकॅडम, सुचवतो. ते जास्त घट्ट, म्हणून हिशेबाने ३५ मिमी पुरतं, पण ५० पेक्षा पातळ घालत नाहीत, खडीच तेवढी मोठी असते. म्हणजे ५० डीबीएम, वर पृष्ठथराचं ४० बिटुमिनस काँक्रीट. एकूण ९०.

इथे पहिल्या रांगेतल्या काकांनी मघाशीच मान हलवली, कारण त्यांचं दुकान खालच्या भागात आहे. बरोबर आहे. आधीच्या थरांनी तिथे फूटपाथची कड ११० मिमीच उरली आहे. ९० घातल्यावर उरतील २०. जूनच्या पहिल्या सरीला पाणी दुकानात. मग सोपा उपाय सुचतो: आधी ४० मिमी खरवडून काढा. काढा, पण लक्षात ठेवा, १.७५ मोजलं तेव्हा ते ४० मिमी जागेवर होते आणि कमी-जास्त भार घेत होते. ते काढून वर तेवढेच ९० घातले तर तुम्ही ९० दिलेले नाहीत. खरवडलेला थर भेगाळून निकामी झाला होता की शाबूत, हे खोदून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि शाबूत असेल तर तेवढा परत द्यावा लागतो. कंत्राटात खरवडणं एका कलमात आणि थर दुसऱ्या कलमात असतो, त्यामुळे हा मेळ कुणीच घालत नाही.

अहवालात नसलेली एक गोष्ट राहिली. त्या २४ शिवाय खालच्या भागात आणखी दोन बिंदू मलनिस्सारणाच्या चरावर येत होते. तिथलं दबणं २ मिमीच्या वर. ते दोन्ही सरासरीतून वगळले, आणि हे योग्यच केलं, पण पुढे त्यांचं काय ते कुठेच लिहिलं नाही. दबण्याचा आकडा खालचा कुठला थर मऊ आहे ते सांगत नाही, त्यासाठी खड्डाच घ्यावा लागतो. मी एके ठिकाणी घ्यायला लावला. अर्ध्या मीटरवर पाणी लागलं. ते पावसाचं नव्हतं, नोव्हेंबर संपत आला होता. शेजारच्या मोरीचं तोंड भरावाने बुजलेलं, आणि चरातली सैल माती नळीसारखं ते पाणी रस्त्याखाली घेऊन येत होती. त्यावर ९० घाला नाहीतर १५० घाला, चर तेवढा खाली बसणार आणि वरचा थर त्याच रेषेत फाटणार.

म्हणून मी लिहून दिलं ते असं. वरचे ७०० मीटर: भेगा भरणे, थर नाही. खालचे ५०० मीटर: आधी मोरी उघडा, चर पूर्ण खोलीपर्यंत काढून थराथराने दाबून भरा, एक पावसाळा जाऊ द्या, पुढच्या ऑक्टोबरात तेच बिंदू परत मोजा आणि जाडी तेव्हा ठरवा. ९० हा आजचा आकडा आहे. पाणी ओसरलं तर तो कमी होऊ शकतो, आणि तसं झालं तर काकांच्या उंबऱ्याचा प्रश्नही हलका होईल. बिंदूंच्या जागा कडेच्या दगडावर रंगाने खुणावून ठेवल्या आहेत. रंगकामाच्या वेळी त्या पुसल्या जाणार नाहीत एवढं मात्र तुम्हाला बघावं लागेल.